वच्छलाबाईला खिसा नव्हता

गेल्या हिवाळ्यात मी एक कथा लिहायला घेतली. नवरा गेल्यावरही लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाणारी वच्छलाबाई आणि दोन महिन्यांपूर्वी घरात आलेली तिची सून सुनीता, एवढीच माणसं. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं, माझ्या पाहण्यातल्या तीन-चार गावांचं मिळून केलेलं. कथा पंधरा पानांची झाली, पण मला सगळ्यात जास्त दिवस लागले ते वच्छलाबाईला पहिल्यांदा आत आणायला. तो एक परिच्छेद मी पाच वेळा लिहिला.

पहिल्या खेपेला मी तिचा चेहरा लिहिला होता. उन्हानं रापलेला, सुरकुतलेला, खोल गेलेले डोळे, गोंदलेली हनुवटी. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या सहा बायका त्याच वाक्यांत बसत होत्या. मग ठरवलं की चेहऱ्याबद्दल एक शब्दही लिहायचा नाही. तिची खोली, तिच्या वस्तू, तिच्या खिशात काय असतं तेच दाखवायचं आणि वाचणाऱ्याला बाई तिथून भेटू द्यायची.

माझी सगळी नोकरी तलाठ्याची. अवकाळी पावसानं कुणाची भिंत पडली की मी पंचनाम्याला जायचो. कच्चं घर की पक्कं, पडझड अंशतः की पूर्ण, भिंत किती फूट, भांडी-कपड्यांचं काय गेलं, हे पंचांसमक्ष लिहायचं आणि खाली दोन सह्या किंवा अंगठे घ्यायचे. घरं आतून पाहायची सवय होती, म्हणून दुसरा खर्डा भराभर उतरला. एक बाज, दोन गोधड्या, पत्र्याची ट्रंक, वळणीवर तीन लुगडी, कोनाड्यात देव, खुंटीला विळा, उतरंडीत सहा मडकी, माळ घातलेला नवऱ्याचा फोटो, काडी मोडलेला चष्मा. मोजून सतरा वस्तू झाल्या.

तो खर्डा मी वहिनीला दाखवला. माझी मोठी वहिनी सातवीपर्यंत शिकली आहे आणि तीसेक वर्षं तिनं स्वतःच्या शेतात बायांबरोबर वेचा केला आहे. तिनं वाचला आणि म्हणाली, "भाऊजी, हा तं पंचनामा झाला. ह्या घरात कोनी राह्यते असं वाटतच नाई."

ती म्हणाली ते बरोबर होतं. पंचनाम्यात प्रत्येक वस्तू सारख्याच वजनाची असते, कारण तिथं फक्त नुकसान मोजायचं असतं. वस्तू कुणी, कशी, किती वेळा हाताळली हे त्यात लिहीत नाहीत. म्हणून मी त्या सतरा वस्तू एकेक करून मनानंच शेजारच्या घरात नेऊन ठेवल्या. तिथं जी वस्तू जराही खटकली नाही, ती काढून टाकली. देव, विळा, मडकी, माळ घातलेला फोटो, सगळं शेजारी आरामात बसलं. मोडक्या काडीचा चष्मा तर गावातल्या निम्म्या घरांत बसला असता. तो म्हाताऱ्या माणसाची खूण होता, वच्छलाबाईची नव्हे. या चाळणीनं सतरापैकी दोनच वस्तू उरल्या, आणि त्यातही ट्रंकेबद्दल शंकाच होती.

मग खिशाकडे वळलो, तेव्हा लक्षात आलं की वच्छलाबाईला खिसाच नाही. पुरुषाचं पात्र असतं तर काम सोपं होतं. बंडीचा खिसा उलटा केला की अर्धा खाल्लेला खर्रा, चुन्याची डबी, घडी करून मऊ पडलेला सातबारा, कृषी सेवा केंद्राची पावती बाहेर पडते आणि माणूस बराचसा कळतो. लुगडं नेसणाऱ्या बाईचा खिसा शोधावा लागतो. मी सरळ लिहून टाकलं की तिनं पाचशेच्या चार नोटा पदराच्या गाठीत बांधून ठेवल्या होत्या. वहिनीनं तिथं बोट ठेवलं.

"पदराच्या गाठीत सुट्टे पैसे राह्यतात. चहापत्ती आनाचे. पदर तं रोज पान्यात जाते, तिथं नोट कायले ठेवीन बाई? बाजाराच्या दिवशी नोट कनवटीले. अन् घरच्याले दिसू द्याचे नाईत असे पैसे असले, तं दायीच्या डब्यात."

मी विचारलं, ट्रंकेत का नाही.

"ट्रंकेची किल्ली कोनाजवळ राह्यते?"

म्हणजे सुटे, चालू आणि लपवलेले पैसे तीन वेगळ्या जागी. आणि लपवायची जागा अशी, जिथं स्वयंपाक करणारीशिवाय कुणाचा हात जात नाही. त्या संध्याकाळी मी ट्रंकही कथेतून काढली आणि डाळीचा डबा आत आणला.

खोलीचंही असंच झालं. मी तिला एक खोली दिली होती, आणि ती खोलीच खोटी होती. कथा पौषातली. दसऱ्याच्या पुढेमागे शेतात सीतादहीची पूजा होते, वेचा सुरू होतो, आणि भाव चढेल या आशेनं कापूस घरातच ठेवायचा झाला तर पौषापर्यंत आतली खोली छपरापर्यंत भरते. माणसं बाहेरच्या उघड्या सपरीत झोपतात, आणि घरभर अंगाला खाज सुटते ती वेगळीच. वच्छलाबाईची खोली म्हणजे त्या दिवसांत कापसाची खोली. हे ध्यानात आल्यावर तिची बाज मी सपरीत हलवली. घरात कुणाला आधी जागा मिळते हे सांगायला मग मला वेगळं वाक्य लिहावं लागलं नाही.

तिसऱ्या खर्ड्यात सपरीला आडोसा म्हणून युरियाच्या थैल्या उसवून शिवलेला पडदा आला. त्यावर छापील 50 किलो अजून वाचता येत होतं. युरियाची थैली 2018 पासून 45 किलोची झाली, म्हणजे पडदा त्याआधी शिवलेला. आकडा छापलेली वस्तू कथेत काळ घेऊन येते हे मला तिथं कळलं आणि मी हरखलो. हरखलो म्हणून चुकलोही. 'ही थैली 2018 च्या आधीची होती' असं वाक्यच लिहून ठेवलं. ते वाक्य सुनीताचं नव्हतं, माझं होतं. नवी सून पडदा बघते तेव्हा सरकारचा निर्णय आठवत नाही. तिला टाके दिसतात.

ही चूक पकडताना मुख्य गोष्ट हाती लागली: वस्तू बघतो कोण? तोवर माझा तलाठीच त्या घरात फिरत होता. बघणारी सुनीता केली आणि पुष्कळ वस्तू आपोआप गळाल्या, कारण दोन महिन्यांत रोज दिसणाऱ्या गोष्टी तिला आता वेगळ्या दिसणार नाहीत. जिथं तिचा हात याआधी गेला नाही तेवढंच तिला नवं. शिवाय तिला तिथं जायला कारण हवं. सासू वेच्याला गेली, पाहुणा आला, डाळ शिजवायची आहे, एवढं कारण पुरतं. आता वस्तू रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. कामाच्या ओघात एकापाठोपाठ हाताला लागल्या.

नोटांचा प्रश्न मात्र चौथ्या खर्ड्यापर्यंत सुटला नाही. त्या जुन्या पाचशेच्या नोटा आहेत हे मी आधीपासून ठरवलं होतं. 8 नोव्हेंबर 2016 ला त्या बाद झाल्या. वेच्याच्या मजुरीतून नवऱ्याला न सांगता साठवलेले दोन हजार बँकेत भरायचे तर आधी नवऱ्याला सांगावे लागले असते. तिनं सांगितलं नाही. मी हे सगळं नोटांखाली चार ओळींत समजावून लिहिलं होतं. वाचताना त्या चार ओळींपाशी प्रत्येक वेळी कंटाळा यायचा. त्या काढल्या, तर नोटा नुसत्या विसरलेल्या वाटायला लागल्या. म्हातारी ठेवून विसरली, असा अर्थ निघत होता आणि तो मला नको होता. तिला त्या आठवतात, ती अजून त्यांच्याकडे बघते, हे समजावल्याशिवाय कसं दिसणार?

उत्तर मला दुकानात सापडलं, वहीला लावायला रबर घेताना. रबर फार दिवस टिकत नाही. उष्ण घरात वर्ष-दोन वर्षांत चिकट होतं, मग कडक होऊन तुटतं. पुडीत जुन्या नोटा असतील आणि त्यावरचं रबर नवं असेल, तर कुणीतरी ते बदलत आलेलं आहे. आता समजावणं नको होतं. पाचवा खर्डा असा झाला:

'डाळ काढायला सुनीता आतल्या खोलीत शिरली. छपरापर्यंत कापूस होता. दाराजवळ दोन पावलं ठेवण्यापुरती जागा मोकळी होती, आणि तिथं उभं राहून हात लांबवला की फळीवरचा डबा नेमका हाताशी येत होता. डब्याचं झाकण सुतळीनं बांधलेलं. गाठ बोटांनी सुटेना, दातांनी ओढावी लागली. हात घातला तर डाळ वीतभरच. खाली प्लास्टिकची पुडी लागली. आत पाचशेच्या चार नोटा, पिवळट, आताच्या नोटांहून मोठ्या. पुडीवरचं रबर लाल आणि ताणदार होतं. तिनं नोटा मोजल्या नाहीत. पुडी होती तशी खाली सरकवली, वरून डाळ सारखी केली आणि सुतळी बांधली. संध्याकाळी वच्छलाबाई आली. पदराची गाठ सोडून तिनं चहापत्तीचे सुटे पैसे पोराच्या हातावर ठेवले, मग आत गेली. अंधारात तिची बोटं सुतळीवरून फिरली. "गाठ कोनं बांधली?" तिनं विचारलं.'

दोन पावलांची जागा आणि हाताशी येणारा डबा ही वच्छलाबाईनं स्वतःच्या उंचीनं केलेली रचना आहे. कापूस भरतानाच तिनं ती राखली. सुतळीची गाठ दोनदा येते. पहिल्यांदा ती नुसती अडचण असते आणि दुसऱ्यांदा तिच्यामुळे सुनीता पकडली जाते. सुरुवातीला दाखवलेली वस्तू पुढं कुणाच्या तरी हातानं हलली नाही, तर वाचणारा ती विसरतो. माझ्या दुसऱ्या खर्ड्यातल्या सतरा वस्तूंपैकी एकीलाही पुढं कुणी हात लावत नव्हतं.

या रीतीचा एक तोटा मला पुढच्या पानांवर दिसला. सासू-सुनेचं बोलणं सुरू झालं, तेव्हा मी पुन्हा वस्तू घालायला लागलो. हातातला पेला, चुलीतली पऱ्हाटी, कंदील. दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि मी वाचणाऱ्याला पेल्याकडे बघायला लावत होतो. तिथं वस्तू काढल्या आणि एकदाच, अर्ध्या वाक्यात, वच्छलाबाईचा चेहरा येऊ दिला. हनुवटीवरचं गोंदण थरथरलं, एवढंच. पहिल्या खर्ड्यात तेच गोंदण कुणाचंही होतं. नवव्या पानावर ते तिचं झालं होतं.

वहिनीनं पाचवा खर्डा चुलीपाशी बसून वाचला. वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच विचारलं, "मंग सून काय सांगते तिले?"

पडद्याचं अजून ठरत नाही. 50 किलोचा आकडा मी एका छापील ओळीपुरता ठेवला आहे, पण सुनीताची नजर त्यावर जायला कारण सापडलेलं नाही. थैलीच्या टाक्यांचा दोरा आणि डब्याची सुतळी एकाच गुंडीची असावी, असं काल सुचलं. ते आज लिहून बघणार आहे.