हो, हलकं वाटलं

"आई गेली तेव्हा तुला हलकं वाटलं का गं? खरं सांग."

हो, वाटलं. 'तिचे हाल संपले म्हणून' एवढंच कारण पुढे करायचा आता कंटाळा आलाय. त्या दुपारी मी गजर न लावता झोपले आणि उठल्यावर आधी त्या झोपेचंच सुख जाणवलं. लाज मागाहून आली.

कॅन्सर मणक्यात उतरल्यावर दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे आणि प्रत्येक वेळी ती ओरडे. हे तुम्ही पाहिलंय. शेवटची रात्र मात्र कुणी पाहिली नाही.

आधी ती मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी घेत असे. गिळणं थांबल्यावर त्वचेखाली बारीक सुई बसवली. त्या वाटेने निम्मा डोस पुरतो, म्हणून ५. मध्येच कळ आली तर तेवढाच जादा द्यायचा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. नर्सने सिरिंज भरून ठेवल्या होत्या. मध्यरात्र उलटल्यावर ती कण्हायला लागली. मी जादा डोस दिला. अर्ध्या तासात तिच्या कपाळावरची आठी गेली. सकाळी उजाडल्यावर ती गेली.

माझ्या हातानेच गेली, हे मी कितीतरी दिवस कुणाला बोलले नाही. शेवटी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं दिलेलं मॉर्फिन पहिल्या तासातच पूर्ण चढतं आणि साधारण चार तासांत ओसरतं. जास्त झालं असतं तर त्याच तासात श्वास मंदावत गेला असता, हाक मारून ती जागी झाली नसती. तिने तर त्यानंतर पाणी मागितल्यासारखे ओठ हलवले होते, मी कापसाने ते ओले केले होते. शिवाय गुडघ्यांवर निळसर चट्टे आणि श्वासातले लांब खंड आदल्या संध्याकाळपासूनच होते. शरीर आवरतं घेत असल्याच्या त्या खुणा.

पटलं. डोसाने ती गेली नाही. पण मला खुपतंय ते हे नाहीच. सिरिंज दाबताना माझ्या मनात 'हिचं दुखणं थांबू दे' होतं की 'आता संपू दे'? दोन्ही होतं. आणि संपू दे म्हणताना तिच्याइतकीच मीही डोळ्यांसमोर होते.

तेव्हाची मी भांडते: लिहून दिलेलंच दिलं ना? आजची विचारते, मग सारखी घड्याळाकडे का बघत होतीस? ती म्हणते, डोसाची वेळ वहीत नोंदवायला सांगितली होती म्हणून. तेही खरंच आहे.

आता कुणी 'ती सुटली' म्हणालं की मी मान डोलावते. मीही सुटले म्हटलं तर समोरचा विषय बदलतो. तुम्ही नेमकं तेच विचारलंत, म्हणून सांगितलं. त्याचं वाईट वाटतं का, असं विचाराल तर तेही वाटतं, आणि एकाने दुसरं कमी होत नाही.