रेडा बोलला नसता तर

बीजभाषणाला मला पंचवीस मिनिटं दिली होती. प्राण्यांना नैतिक स्थान आहे का, हा विषय. निपाणीजवळच्या एका महाविद्यालयातलं एक दिवसाचं चर्चासत्र, महिना डिसेंबरचा, उसाचा हंगाम ऐन भरात. सभागृहाच्या खिडक्या रस्त्याकडे होत्या, त्यामुळे उसाच्या बैलगाड्या जाताना घुंगरांचा आवाज थेट आत यायचा. समोर बी.ए.ची मुलं. काहींच्या घरी मराठी, काहींच्या घरी कन्नड, पण गोठा बहुतेकांच्या घरी.

मी सुरुवात रेड्यापासून केली. पैठणला ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा सगळ्यांना पाठ होती. मग विचारलं, रेडा बोलण्याआधी काय झालं? दोनतीनच हात वर आले. कथेत आधी रेड्याच्या पाठीवर आसूड पडतात आणि त्याचे वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उमटतात. रेडा बोलला हे आपण लक्षात ठेवलं, वळ विसरलो. मी मुलांना म्हटलं, आजचा सगळा वाद या दोन प्रसंगांमधला आहे. रेडा मोजायचा तो बोलला म्हणून, की त्याला लागलं म्हणून?

बोलण्याची, म्हणजे बुद्धीची बाजू जर्मन तत्त्वज्ञ कांटची. ती मी मनापासून मांडली, कारण ती हलकी नाही. स्वतःला नियम घालून घेणं, ‘मी हे करू नये’ असं स्वतःला बजावणं, हे विवेक असलेल्यालाच जमतं, म्हणून कर्तव्यही त्याच्याचबद्दल असतं. कांट आपल्या व्याख्यानांत म्हाताऱ्या कुत्र्याचं उदाहरण द्यायचा. आयुष्यभर राबलेल्या कुत्र्याला, आता उपयोगाचा नाही म्हणून, मालकाने गोळी घातली, तर कुत्र्याबद्दलचं कुठलंही कर्तव्य मोडत नाही. मालक स्वतःमधली माणुसकी मात्र बिघडवून घेतो, आणि ती त्याला माणसांशी वागताना लागणार असते. म्हणजे क्रूरता कांटलाही नको आहे, पण तिचा हिशेब माणसाच्या खात्यावर लागतो. कुत्रा त्या खात्यात कुठेच नाही.

दुसरी, म्हणजे वेदनेची बाजू इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमची. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ती एका तळटीपेत आहे. तो म्हणतो, एक दिवसाच्या, आठवड्याच्या, अगदी महिन्याच्या बाळापेक्षा वाढलेला घोडा किंवा कुत्रा जास्त समजूतदार असतो. तेव्हा विचार करता येतो का, बोलता येतं का, हा प्रश्नच नाही. दुःख होतं का, एवढाच प्रश्न आहे.

इथे मी थोडी थांबले, कारण बाळाच्या उदाहरणावर बुद्धीच्या बाजूचं एक चांगलं उत्तर आहे: बाळ उद्या विचार करू लागेल, कुत्रा कधीच करणार नाही. पण बाळाला आज चिमटा काढणं आज वाईट असतं, त्याला आज दुखतं म्हणून. ते वीस वर्षांनी काय होणार, यावर त्या चिमट्याचं वाईटपण अवलंबून नसतं. त्यावरून मी माझा निष्कर्ष मांडला. जबाबदार कोण, हे बुद्धी ठरवते. कुणाशी जबाबदारीने वागायचं, हे वेदना ठरवते. बैलावर आपण खटला भरत नाही, कारण तो पहिल्या गटात नाही. म्हणून तो दुसऱ्या गटातही नाही, असं होत नाही.

भाषण इथे संपायचं होतं. पहिल्या रांगेत एक निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी बसले होते. ते उठून म्हणाले, “मॅडम, दुःख होतं का, एवढंच बघायचं म्हणता. पण बैल कण्हत नाही. कुत्रं पाय धरून केकाटतं, बैल सोसतो. कळपातलं जनावर दुबळं दिसलं की वाघ त्यालाच गाठणार, त्यामुळे दुखणं लपवायची सवय त्याच्या रक्तात आहे.”

तेवढ्यात मागून एक मुलगा बोलला. घरचा उसवाहतुकीचा गाडा असलेला. “आमच्या पवळ्याचा खांदा गेल्या हंगामात सुजला हुता. जू ठिवलं की नुसता कान मागं टाकायचा आन् मान फिरवायचा. बाबा म्हणले, माजलाय. पराणी लावली तेला. चार दिसांनी हात लावला तर खांदा तापलेला.”

सभागृह गप्प झालं. डॉक्टरांनी मग खांदेसूज समजावून सांगितली, आणि मीही विद्यार्थ्यासारखी लिहून घेतली. जोडीतला एक बैल उंच, एक ठेंगणा असला की ओझं एकाच खांद्यावर येतं. जू खडबडीत असलं तर कातडं घासून निघतं. आधी गरमपणा आणि सूज. त्याच वेळी गाडी सोडली, शेकलं, विश्रांती दिली, तर उतरते. तसंच जुंपत राहिलं तर गाठ टणक होते नाहीतर पू धरते. दुखणं ओळखायचं ते आवाजावरून नाही. रवंथ कमी होतो, दात करकर वाजतात, वैरणीवर मन राहत नाही.

माझ्या मांडणीतलं भोक मला त्या क्षणी दिसलं. बेंथमचं वाक्य मी असं वाचत आले होते, जणू दुःख डोळ्यांसमोर पडलेलं असतं आणि आपण फक्त ते मोजायचं. पण ज्याला भाषा नाही त्याचं दुःख वाचावं लागतं, आणि चुकीचं वाचलं की त्याचं नाव ‘माज’ होतं. वाचण्याच्या रीती आहेत. २००० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी लंगड्या कोंबड्यांपुढे दोन खाद्यं ठेवली, एक साधं, एक वेदनाशामक घातलेलं. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य धडधाकट कोंबड्यांपेक्षा जास्त खाल्लं, आणि लंगडणं जितकं जास्त, तितकं ते प्रमाण वाढत गेलं. नुसता पाय झटकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. आपलं औषध आपण निवडून खाणं याला ‘प्रतिक्षिप्त’ म्हणणं अवघड आहे. हे मी सांगितलं, पण ते माझ्या कागदावर नव्हतं. ते असायला हवं होतं.

शेवटचा प्रश्न एका मुलीचा होता, आणि तो सगळ्यांत कठीण होता. “मॅडम, वेदनाच मोजायची, तर म्हातारा बैल न दुखवता, झोपेत मारला तर काहीच चुकलं नाही?”

बेंथमने स्वतः याला जवळजवळ हो म्हटलं आहे. त्याच तळटीपेत तो जनावरं खायला हरकत घेत नाही. आपल्या हातून त्यांना येणारं मरण बहुधा निसर्गातल्यापेक्षा लवकर, म्हणून कमी वेदनेचं असतं, असं त्याचं म्हणणं. छळायला मात्र त्याची हरकत आहे. मी तिला म्हटलं, इथे बुद्धी परत येते, पण वेगळ्या दारातून. बैल मोजायचा की नाही हे ती ठरवत नाही. मरणाने त्याचं काय जातं, हे मात्र ठरवू शकते. ज्याला पुढचं वर्ष डोळ्यांसमोर दिसतं, ज्याने मुलीचं लग्न ठरवलंय, त्याचं मरणाने ते सगळं जातं. बैलाला उद्या कळतो का, यावर बरंच अवलंबून आहे.

“कळतो की,” तोच पवळ्याचा मुलगा म्हणाला. “औत सुटायच्या टायमाला आमचा बैल तासाच्या टोकाला आपला आपण थांबतोय. घराकडं तोंड करून.”

मी म्हटलं, ही घटकाभर पुढची वाट बघणं झालं, वर्षभराची नव्हे. डॉक्टर म्हणाले, घटकाभर तरी आहे ना. मुलगी अजून उभीच होती. तिला द्यायला माझ्याकडे एवढंच होतं: घटकाभराची वाट बघणाऱ्याचंही मरणाने काहीतरी जातं, आणि ते किती, हे मला मोजता येत नाही. तिने मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि बसली. अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.