बोथट कात्री

दिवाळीच्या आधी शाळेत आकाशकंदील करायला लावले. लेक पहिलीत, त्यामुळे कंदील साधाच होता. केशरी घोटीव कागदाच्या पट्ट्या कापायच्या आणि पुठ्ठ्याच्या नळीला चिकटवायच्या. घरी आलेल्या पट्ट्या बघून मला वाटलं, उंदरानं कुरतडल्या असाव्यात. कडा चावल्यासारख्या, मध्येच कागद दुमडलेला, एक पट्टी तर चक्क फाडलेली. सोबत वहीत बाईंची ओळ: ‘कात्रीचा सराव करून घ्यावा.’

मी कात्री घेऊन एक कागद सरळ कापून बघितला. सर्रकन कापला. मग तिच्या हातात दिली. तिनं डाव्या हातात धरली, कागद पात्यांत घातला, दाबलं आणि कागद कापायच्या ऐवजी पात्यांच्या मध्ये वाकून बसला. मी म्हटलं, कात्री बोथट झाली असेल. दोन मिनिटांपूर्वी मीच त्याच कात्रीनं कागद कापला होता, हे लक्षात यायला मला रात्र उजाडली.

शनिवारी अप्पा बळवंत चौक. तिथल्या एका दुकानात ‘डावखुऱ्यांसाठी कात्री आहे का’ विचारलं, तर काउंटरवरच्या काकांनी न बघताच एक पाकीट पुढे सरकवलं. ‘दोन्ही हातांनी चालते, ताई.’ मूठ खरंच दोन्हीकडून सारखी होती, दोन्ही भोकं एकसारखी गोल. घेतली. घरी आणली. कागद वाकला.

कोडं सुटलं ते आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांकडे. मी परकराची उंची कमी करायला गेले होते आणि ही माझ्याबरोबर होती. काका खडूनं कापडावर खूण करत होते, डाव्या हातानं. खूण झाली, खडू ठेवला, कात्री उचलली ती उजव्या हातानं. मी विचारलं तर हसले. ‘लिहितो डाव्यानं, कापतो उजव्यानं. आमच्या उस्तादांकडे एकच कात्री होती, ती उजवी. हाताला शिकवलं. पोरीला कशाला शिकवताय? आता मिळतात की डाव्या.’

मग त्यांनी मला ती कात्री दिव्यासमोर उघडून धरायला लावली, टोकं माझ्यापासून लांब. ‘वरचं पातं कुठल्या बाजूला आहे?’ उजव्या. त्यांनी कात्री उलटी केली. ‘आता?’ तरीही उजव्याच बाजूचं पातं वर. कितीही पालथी घाला, उजव्या कात्रीचं उजवं पातं वरच राहतं, जसा उजव्या पायाचा जोडा उलटा करून डाव्या पायाचा होत नाही. मुठीचा यात काही संबंध नाही.

आणि कागद वाकतो तो का, तेही त्यांनी माझाच हात धरून दाखवलं. मूठ मिटताना आपण नुसतं वरखाली दाबत नाही. अंगठा किंचित बाहेर ढकलतो, बोटं किंचित आत ओढतात. उजव्या हातात उजवी कात्री असली, की ह्या ढकलण्या-ओढण्यानं दोन पाती एकमेकांवर घट्ट घासतात आणि कापतात. तीच कात्री डाव्या हातात गेली, की तोच जोर पाती एकमेकांपासून लांब करतो. मध्ये केसभर फट पडते आणि कागद त्या फटीत निवांत आडवा होतो. शिवाय डाव्या हातात वरचं पातं डोळा आणि रेघ यांच्या मध्ये येतं. ज्या रेघेवर कापायचं तीच झाकलेली. सहा वर्षांचं पोर मग मान वाकडी करून पात्याच्या पलीकडे डोकावतं आणि आपण म्हणतो, नीट बस.

डावी कात्री शेवटी ऑनलाइन मागवली. गोल टोकाची, वितीपेक्षा लहान, आणि साध्या कात्रीच्या चौपट किमतीची. खोकं उघडल्यावर पहिलं काम दिव्यासमोर धरण्याचं. डावं पातं वर. पहिल्या दिवशी तिचा कागद तरीही वाकला, कारण जुनी कात्री चालवायला म्हणून तिनं अंगठा उलटा आत ओढायची सवय स्वतःच लावून घेतली होती. ती जायला चार-पाच दिवस आणि दोन जुन्या दिनदर्शिका लागल्या.

एवढं यश मिळाल्यावर माणसाच्या डोक्यात वारं जातं. मी डाव्या हाताचं जे जे मिळेल ते मागवत सुटले. डावी पट्टी आली, तिच्यावर शून्य उजव्या टोकाला. युक्तिवाद बरोबर आहे, डावखुरं माणूस रेघ उजवीकडून डावीकडे ओढतं. पण पहिलीतल्या मुलीला अजून सेंटिमीटरशी देणंघेणं नाही आणि वर्गातल्या तक्त्यावर आकडे डावीकडूनच वाढतात. ती पट्टी सध्या खिडकीची खिट्टी म्हणून कामाला आहे. डावं शार्पनर आलं, पातं उलट्या बाजूला बसवलेलं. तेही वाया गेलं, कारण मुलीनं तोवर आपला मार्ग काढला होता. शार्पनर डाव्या हातात, पेन्सिल उजव्या हातात, आणि गोल गोल. टोक काढायला काही लिहिण्याएवढी हुशार बोटं लागत नाहीत. नव्या शार्पनरमध्ये मात्र ती जुन्याच दिशेनं फिरवायची, पात्याची पाठ लाकडावर घासायची आणि शिसं कटकन तुटायचं. बोटांसाठी खाचा पाडलेली एक डावी जर्मन पेन्सिलही आली. छान आहे. पण साध्या तिकोनी पेन्सिलला टोकापासून दोन बोटं वर रबरबँड गुंडाळला की तेच काम होतं. बोटं त्याच्या खाली घसरत नाहीत, आणि टोक दिसत राहतं.

पेन्सिल निवडताना खरं बघायचं ते शिसं. ‘जास्त काळी’ म्हणून मिळणाऱ्या मऊ पेन्सिली मुलांना आवडतात, पण आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते आणि डावा हात तिच्या मागून पोतेऱ्यासारखा येतो. संध्याकाळपर्यंत तिच्या करंगळीखालची कड चुलीतून काढल्यासारखी व्हायची आणि वहीवर ढग. फार टणक शिसंही नको, कारण उजवा हात पेन्सिल ओढतो, डावा ढकलतो, आणि ढकललेलं टणक टोक कागदात रुततं. आम्ही साध्या एचबीवर थांबलो. टोक काढलं की ते रद्दीवर चार वेळा फिरवायचं, म्हणजे त्याची सुई जाते.

शिरोरेषेचं भांडण याच रुतण्यातून निघालं. ती अक्षरं लिहून झाली की वरची रेघ उजवीकडून डावीकडे देते. शाळेत सांगतात, डावीकडून उजवीकडे. मी स्वतः डाव्या हातात पेन्सिल धरून दोन्ही दिशांनी पंधरा-वीस रेघा मारल्या. उजवीकडे ढकलताना टोक अडखळत होतं, एकदा कागद फाटला. डावीकडे ओढताना रेघ सुतासारखी आली. मी बाईंना भेटून दोन्ही रेघा दाखवल्या. त्या म्हणाल्या, ‘रेघ सरळ येतेय ना, मग कुठूनही येऊ दे.’ कात्रीबद्दलचा माझा राग तिथं बराचसा उतरला.

पण सगळ्यांत जास्त फरक पडला तो विकत न घेतलेल्या गोष्टीनं. तिची दुरेघी वही मी रोज बघायचे आणि मला एक चमत्कारिक गोष्ट दिसायची. ओळीतला पहिला ‘ग’ बरा, दुसरा ठीक, पाचव्यापर्यंत त्याचा काना लांब पळालेला, आठवा ‘ग’ की ‘रा’ हे देवाला ठाऊक. कंटाळते, असं मी धरून चालले होते. एकदा तिच्या डाव्या खांद्यामागे बसले आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलं. कित्त्याचं अक्षर डाव्या समासाला छापलेलं. तिनं हात ठेवला की कित्ता तळव्याखाली. एवढंच नाही, आत्ता लिहिलेलं अक्षरही बोटांखाली. उजव्या हाताच्या मुलाला कित्ता दिसतो आणि आपलं मागचं अक्षरही दिसतं. ही बिचारी दर वेळी आठवणीतून लिहीत होती. कित्ता गिरवायचा तर तो आधी दिसायला नको का?

तेव्हापासून रात्री मी पानाच्या उजव्या कडेलाही तीच अक्षरं काढून ठेवते. दहा ओळी, दहा अक्षरं, दोन मिनिटं. त्याच आठवड्यात आठवा ‘ग’ पहिल्याच्या जवळ आला.

दुसरी गोष्ट वही ठेवण्याची. तिनं मनगट वरून आकड्यासारखं वळवून लिहायला सुरुवात केली होती, ओळ दिसावी आणि पुसू नये म्हणून. वही पोटासमोर सरळ ठेवली तर डाव्या हाताला दुसरा मार्गच उरत नाही. आता वही तिच्या डावीकडे सरकवलेली असते आणि वरची बाजू उजवीकडे झुकलेली, घड्याळात एक वाजता तासकाटा असतो तितकी. तेवढ्यानं कोपर अंगापासून सुटतं, मनगट सरळ होतं आणि हात ओळीच्या खाली राहतो. टेबलावर त्या तिरप्या रेषेत चिकटपट्टी लावून ठेवलीय. शाळेतल्या बाकावर अशी पट्टी नाही, पण तिथं ती डाव्या टोकाला बसते, म्हणजे शेजारणीचं कोपर आणि हिचं कोपर यांची रोजची लढाई तरी संपली. घाई झाली की मनगट अजूनही वळतंच.

कात्रीला मी हिरवा दोरा बांधलाय, म्हणजे दुसऱ्या कुणी घेऊ नये. पण स्वयंपाकघरात दोरा कोण बघतो? परवा सासूबाईंनी मेथीच्या जुडीचा दोर कापायला तीच उचलली. दोर पात्यांत वाकला. त्यांनी तीनदा दाबून पाहिलं, मग कात्री ओट्यावर ठेवली आणि मला हाक मारली.

‘अगं, एवढी महागाची आणलीस आणि ही तर बोथट आहे!’