निम्मा कंटेनर माल, हॅम्बुर्गचं गिऱ्हाईक आणि सीबीएमचा हिशोब

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. आजवर आमचा माल परदेशी जायचा तो मुंबईच्या मर्चंट एक्सपोर्टरच्या नावाने. मागच्या वर्षी हॅम्बुर्गच्या एका हॉटेल-सप्लाय व्यापाऱ्याने थेट आमच्याकडे ऑर्डर दिली: 5,760 बाथ टॉवेल, 48 नगांचा एक बॉक्स, एकूण 120 बॉक्स. आयात-निर्यातीसाठी लागणारा आयईसी क्रमांक होताच. परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा बँकेचा एडी कोड पोर्टला नोंदवून घेणं, कस्टम्सचं काम पाहणारा सीएचए नेमणं ही कामं सरळ झाली, त्यावर फार लिहीत नाही. खरा प्रश्न पुढे आला. एवढा माल पूर्ण कंटेनर घेऊन पाठवायचा, की दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये? एफसीएल की एलसीएल?

वीस फुटी कंटेनरची आतली जागा साधारण 33 घनमीटर असते. पण बॉक्स रचताना कोपरे-फटी सुटतात, त्यामुळे प्रत्यक्षात 26 ते 28 सीबीएम, म्हणजे घनमीटर, धरून चालायचं. एफसीएल घेतला की त्याचं भाडं ठरलेलं, आत निम्मा माल असो वा गच्च भरलेला. एलसीएलमध्ये आपल्या मालाने व्यापलेल्या जागेपुरतं भाडं लागतं, आणि ते ‘वजन की माप’ या नियमाने: एक टन किंवा एक घनमीटर, यातलं जे जास्त भरेल ते. आमच्या 120 बॉक्सचं वजन जेमतेम 2.6 टन. म्हणजे टॉवेलला वजनाचा प्रश्नच नाही, सगळा खेळ मापाचा.

आणि तिथेच पहिली मेख होती. बॉक्स 60 बाय 40 बाय 40 सेंटिमीटरचा, म्हणजे 0.096 सीबीएम. 120 बॉक्सचे 11.52. हाच आकडा मी जहाजात जागा मिळवून देणाऱ्या फॉरवर्डरला कळवणार होते. पुण्याच्या फॉरवर्डरकडचे दादा फोनवर म्हणाले, “ताई, रिकामा बॉक्स मोजू नका. भरा, टेप लावा, एक रात्र ठेवा आणि मग मोजा. सीएफएसवाले फुगलेल्या जागी टेप धरतात.” सीएफएस म्हणजे जिथे सगळ्यांचा माल जमवून कंटेनर भरतात ते गोदाम.

पॅकिंगच्या मामांनी एक बॉक्स भरून ठेवला. सकाळी मोजला तर 62 बाय 42 आणि वर पोट सुटून उंची 44. टेरीचे फासे दाबले की रात्रभरात पुन्हा उठतात, चार डझन टॉवेलची थप्पी झाकण वर ढकलते. या मापाने 120 बॉक्सचे 13.75 सीबीएम होतात. कागदावरच्या मापापेक्षा सव्वादोन सीबीएम जास्त, आणि ते नुसतं हवेचं भाडं. मामांनी सुचवलं की बॉक्सचा तळ दोन-दोन सेंटिमीटरने मोठा करू, पुठ्ठा पाच प्लायऐवजी सात प्लायचा घेऊ आणि दोन्ही बाजूंनी पट्टी मारू. नवा बॉक्स भरून दुसऱ्या दिवशी मोजला तर 62 बाय 42 बाय 41. एकूण 12.8 सीबीएम. पुठ्ठ्याचा खर्च थोडा वाढला, पण भाड्यात त्याहून जास्त वाचला.

मग कोटेशन मागवली. गिऱ्हाइकाला सीएफआर हॅम्बुर्ग दर हवा होता, म्हणजे समुद्रभाडं आम्ही भरायचं आणि तिकडच्या बंदरातला खर्च त्याने. एका फॉरवर्डरने एलसीएलचं समुद्रभाडं शून्य डॉलर लिहिलं. अप्पा खूश झाले, “घेऊन टाक, बाळा.” मला ते पटेना. जहाजवाल्याला कंटेनरचं भाडं द्यावंच लागतं, मग फॉरवर्डर ते फुकट कशाला देईल?

म्हणून सगळ्यांना एकच प्रश्न लेखी विचारला: हॅम्बुर्गला माझ्या गिऱ्हाइकाकडून काय काय घेणार? शून्यवाल्याचं उत्तर आठवणी करून करून आलं: दर सीबीएमला 110 युरो, वर डिलिव्हरी ऑर्डर आणि कागदपत्रांचे 160. पुण्याच्या फॉरवर्डरचं समुद्रभाडं सीबीएमला 35 डॉलर, तिकडे 45 युरो आणि कागदपत्रांचे 90. एफसीएलला वीस फुटीचं भाडं 1,300 डॉलर आणि तिकडचा खर्च सुमारे 380 युरो.

युरो-डॉलरमधला फरक बाजूला ठेवून आमच्या 12.8 सीबीएमचा हिशोब केला. शून्यवाला 1,568, पुण्याचा 1,114, पूर्ण कंटेनर 1,680. म्हणजे शून्य भाड्याच्या एलसीएलने अर्ध्यापेक्षा कमी कंटेनर माल पाठवायचा आणि खर्च जवळजवळ पूर्ण कंटेनरचा! फक्त तो खर्च माझ्या गिऱ्हाइकाच्या बिलात लपलेला होता. माझ्या नजरेला नाही आला, तरी त्याच्या नजरेला आलाच असता, आणि पुढची ऑर्डर देताना त्याला आठवलाही असता. एलसीएलच्या धंद्यात हे चालतं. पाठवणाऱ्याला स्वस्त दर दाखवायचा आणि माल सोडवून घेणाऱ्याकडून भरून काढायचं, कारण तिकडच्याला माल सोडवायचाच असतो. म्हणून दोन्ही टोकांचा खर्च लेखी घेतल्याशिवाय दोन एलसीएल दरांची तुलना करताच येत नाही.

पुण्याच्या दराने सरळ मांडणी केली तर साधारण 20 सीबीएमला एलसीएल आणि एफसीएल बरोबरीला येतात. बाजारात 13 ते 15 सीबीएमचा अंदाज सांगतात, पण तो दरांवर अवलंबून आहे. शून्यवाल्याच्या दराने बरोबरी 14 च्या आतच होते. आमच्यासारख्या सोलापूरकरांना आणखी एक गोष्ट धरावी लागते. कंटेनर कारखान्यात आणून भरायचा तर रिकामा डबा न्हावा शेव्याहून 400 किलोमीटर इकडे येणार आणि भरून परत जाणार, ट्रेलरचं भाडं दोन्ही बाजूंचं. 12.8 सीबीएमसाठी ते परवडत नाही. एलसीएलला 17 फुटी आयशर पुरेशी झाली, माल सीएफएसला उतरला आणि गाडी मोकळी.

मग फॉरवर्डरला आमच्यासारख्या फुटकळ मालातून काय मिळतं? दादांनी एकदा सविस्तर सांगितलं. कन्सॉलिडेटर जहाज कंपनीकडून पूर्ण कंटेनर ठोक भाड्याने घेतो आणि आत जागा किरकोळीने विकतो. त्यातला खरा फायदा भारी आणि हलका माल एकत्र बसवण्यात असतो. समजा कोल्हापूरकडच्या फाउंड्रीचं 8 टन कास्टिंग आलं. ते जागा घेईल 4 सीबीएम, पण बिल होईल 8 एककांचं, कारण वजन जास्त. आमचे टॉवेल 2.6 टन, पण बिल 12.8 चं. दोन्ही मिळून जागा गेली 16.8 आणि बिल झालं 20.8 चं. कास्टिंग खाली, टॉवेल वर. नुसती कास्टिंग भरली तर कंटेनर वजनाने संपतो आणि वरची जागा रिकामी जाते. नुसते टॉवेल भरले तर जागा संपते आणि वजनाची क्षमता वाया जाते. त्यामुळे दोन्ही जातींच्या मालाला त्याच्याकडे किंमत आहे. हे कळल्यावर मी भावात घासाघीस करताना हलका, रचता येणारा माल आहे, वर दुसरं सामान चालत नाही पण स्वतः वर बसतो, हे ठळक सांगायला लागले, आणि दर थोडा खाली आलाही.

दुसरा मुद्दा थेट कंटेनरचा. सगळ्यांकडे हॅम्बुर्गला जाणारा स्वतःचा कंटेनर नसतो. काहीजण माल दुसऱ्या कन्सॉलिडेटरला देतात, त्याला को-लोडिंग म्हणतात. काहींचा कंटेनर वाटेत एखाद्या हबला उघडतो, तिथे माल काढून नव्या कंटेनरमध्ये भरतात. दर वेळी हमाली, दर वेळी हाताळणी. बॉक्सची कड दबली की टॉवेलवर डाग पडायचा धोका वाढतो. म्हणून “कंटेनर थेट का, कुठे उघडणार?” हा प्रश्न विचारायचाच. आमचा थेट होता. आणि माझी एक अट होती: आत मसाला, अत्तर किंवा रसायन नको. टेरी कापूस वास धरून ठेवतो, आणि महिनाभर बंद डब्यात राहिल्यावर हॉटेलच्या टॉवेलला हळदीचा वास आला तर माल परत. तरीही बॉक्समध्ये पॉलिथिनचं अस्तर आणि सिलिका जेल मी टाकलंच.

माल सीएफएसला न्यायचा तो कस्टम्सकडे शिपिंग बिल दाखल करून, कटऑफच्या आत. हा कटऑफ जहाजाच्या तारखेच्या बऱ्याच आधीचा असतो, कारण सगळ्यांचा माल जमून, कस्टम्सची परवानगी झाल्यावरच कंटेनर भरतात. मी त्या दिवशी तिथे गेले होते. टॅलीवाल्याने आमचे चार-पाच बॉक्स मोजले, उंची 41 भरली, मापाची नोंद आमच्या आकड्याला जुळली. त्याच वेळी शेजारी एका कंपनीची पॅलेट्स पडून होती. त्यांच्या शिपिंग बिलात काहीतरी अडकलं होतं, कस्टम्सची लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे माल पाठवायची परवानगी, निघाली नव्हती. कन्सॉलिडेटरने कंटेनर त्यांच्याशिवाय भरला. एलसीएलमध्ये हे दोन्ही बाजूंनी होतं: आपलं काम रखडलं तर आपला माल मागे राहतो, आणि पलीकडे एकाच्याही मालावर कस्टम्सने बोट ठेवलं तर सगळा कंटेनर थांबू शकतो. एफसीएलमध्ये दुसऱ्याच्या मालामुळे असं अडकायची भीती नसते.

कागदाबद्दल एकच सांगते. कन्सॉलिडेटरच्या नावाने जहाज कंपनी मास्टर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल ताब्यात घेतल्याचा कागद, देते, आणि कन्सॉलिडेटर आम्हाला आमच्या मालाचं हाऊस बिल. त्यावर हॅम्बुर्गच्या एजंटचं नाव आणि पत्ता नीट पाहून घ्यावा, कारण गिऱ्हाईक डिलिव्हरी ऑर्डर त्याच्याकडून घेणार. आमच्या ड्राफ्टमध्ये तो पत्ता मी गिऱ्हाइकाकडून तपासून घेतला, आणि तिकडच्या खर्चाची यादीही त्याला आधीच पाठवली.

त्याचं बिल यादीप्रमाणेच आलं. आता पुढची ऑर्डर तो 19 सीबीएमची म्हणतोय, म्हणजे बरोबरीच्या जवळ. मी त्याला लिहिलंय की आणखी काही बाथमॅट घेतलेस तर पूर्ण कंटेनर घेऊ, भाडं नगामागे कमी पडेल, आणि माल सीएफएसलाच भरू म्हणजे ट्रेलरचा फेरा टळेल. उत्तराची वाट पाहतेय. मामा मॅटचा बॉक्स भरून मोजतायत.