रकाना 7 आणि संध्याकाळची आरती: थेट प्रक्षेपणावरच्या संशोधनाचा माझा अनुभव

आमच्या विद्यापीठातल्या नैतिकता समितीच्या अर्जात सातवा रकाना आहे: ‘सहभागी व्यक्तींची संख्या व संमतीपत्राचा नमुना’. या एका रकान्यानं माझे सहा महिने खाल्ले. आषाढात अर्ज दिला, मंजुरी मार्गशीर्षात मिळाली. मधे भाद्रपद आला आणि गेला. ज्या दहा दिवसांसाठी हा सगळा अभ्यास आखला होता, ते दहा दिवस मी घरी बसून साध्या भाविकासारखे पाहिले, कारण मंजुरीशिवाय एक ओळही टिपून घ्यायची परवानगी नव्हती. तो राग अजून गेलेला नाही.

विषय सांगते. नागपुरातल्या एका गणपती मंदिराची संध्याकाळची आरती रोज यूट्यूबवर थेट दाखवतात. मंदिराचं नाव इथेही देणार नाही, का ते पुढे येईल. आरती साधारण पंचवीस मिनिटं चालते. बाजूला चॅटमध्ये लोक ‘मोरया’ लिहितात, गोत्र सांगून अभिषेकाची विनंती करतात, पुण्याहून आणि परदेशातून नमस्कार पाठवतात. माझा प्रश्न असा होता की पडद्यावर जमणाऱ्या या माणसांना मंडळी म्हणता येईल का, आणि म्हणायचं तर त्या मंडळीत कोण मोजायचं.

सातव्या रकान्यात मी लिहिलं, ‘संख्या आधी सांगता येत नाही.’ अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा: ‘सर्व सहभागींचे लेखी संमतीपत्र जोडावे.’ आरती पाहणारे निम्मे लोक नाव न दिसता पाहतात. त्यांची सही आणायची कुठून? दुसऱ्यांदा मी उलट टोकाला गेले आणि लिहिलं की चॅट सर्वांना दिसतं, म्हणजे ते सार्वजनिक आहे, तिथे संमतीची गरज नाही. समितीच्या बैठकीत एका सदस्यानं तेच उचलून धरलं. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माणसानं स्वतःहून जाहीर केलेली माहिती कक्षेबाहेर ठेवली आहे, असं ते म्हणाले. दुसऱ्या सदस्याला ते अजिबात पटलं नाही. अर्ज पुन्हा परत, आणि पुढची बैठक तीन महिन्यांनी.

त्या तीन महिन्यांत शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की दोघंही अर्धेच बरोबर होते. अडचण मला एका मेसेजमुळे दिसली. तो जसाच्या तसा देत नाही, तशाच घडणीचा बदलून देते. एक सून लिहिते: सासूबाईंचं नाव, गोत्र, उद्या सकाळी ऑपरेशन, अमुक वॉर्ड, बाप्पा सांभाळून घे. यात जाहीर झालेली माहिती सासूबाईंची आहे, लिहिणारी सून आहे. कायद्यातली सूट आहे ती ज्याची माहिती त्यानंच जाहीर केली असेल तर. सासूबाईंनी काहीच जाहीर केलेलं नाही, त्यांना बहुधा ठाऊकही नसेल. आणि सुनेनं तरी ते कोणाला उद्देशून लिहिलं? देवाला आणि शेजारी हात जोडून बसलेल्यांना. माझ्या प्रबंधासाठी नक्कीच नाही. मंदिराच्या पायरीवर कोणी मोठ्यानं नवस बोललं तर दहा जणांना ऐकू येतं, म्हणून तो वहीत उतरवून छापायचा अधिकार मिळत नाही.

नाव झाकलं की झालं, असं मलाही आधी वाटायचं. मग स्वतःच करून पाहिलं. मंदिर आणि तारीख माहीत असेल तर त्या दिवसाचा व्हिडिओ उघडायचा, चॅट रिप्ले सुरू करायचा आणि वाचत जायचं. चार मिनिटांत मला तो मेसेज लिहिणारीच्या नावासकट आणि फोटोसकट सापडला. म्हणून मंदिराचं नाव नाही, तारखा नाहीत, आणि शब्दशः उतारे तर नाहीतच.

तिसऱ्या वेळी मी रकाना 7 रिकामाच ठेवला आणि दोन पानांचा जोडकागद लावला. त्यात माहितीचे तीन थर केले. पहिला थर पडद्यावरचा विधी आणि प्रेक्षकसंख्या. यात कोणा एकाची माहिती नाही, फक्त निरीक्षण, संमती लागत नाही. दुसरा थर चॅट. यातले शब्द साठवायचेच नाहीत, मेसेज वाचून फक्त प्रकार टिपायचा: जयघोष, नवस, आजारपण, सेवेची चौकशी, एकमेकांशी बोलणं. प्रबंधात उदाहरण द्यायचंच असेल तर अर्थ आपल्या शब्दांत लिहायचा, आणि ते दुसऱ्या संशोधकाकडे देऊन म्हणायचं की अर्ध्या तासात मूळ मेसेज शोधून दाखव. सापडला तर उदाहरण बाद. तिसरा थर घरच्या मुलाखती आणि मंदिराच्या सेवेकऱ्यांचा व्हॉट्सअॅप गट. इथे प्रत्येकाची लेखी संमती, कारण गट बंद आहे आणि आत आलेल्यानं विश्वासानं लिहिलेलं असतं. सुनेचा तो बदललेला मेसेज नमुना म्हणून जोडला आणि शोधायला किती वेळ लागला तेही लिहिलं. बैठकीत दहा मिनिटांत मंजुरी मिळाली. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले आणि आईला फोन लावला, बोलता येईना.

मंदिराच्या विश्वस्तांचं परवानगीपत्र मात्र पहिल्याच दिवसापासून जोडलेलं होतं, आणि समिती त्यालाच संमती समजू लागली होती. असं होऊ देऊ नका. विश्वस्त कॅमेऱ्याची परवानगी देऊ शकतात, भाविकांच्या वतीनं हो म्हणू शकत नाहीत. त्यांच्याकडून मी फक्त एवढंच मागितलं की व्हिडिओखालच्या वर्णनात अभ्यास चालू असल्याची सूचना आणि नको असल्यास कळवायचा नंबर टाका. आरती चालू असताना चॅटमध्ये सूचना टाकायला पुजारीकाकांनी ठाम नकार दिला. ‘आरती चालू असली की तिथे दुसरं काही नाही, ताई.’ ते बरोबर होते. सूचना आरतीआधी दहा मिनिटं टाकायचं ठरलं.

व्हॉट्सअॅप गटात दोघांनी नाही म्हटलं. गटाचा चॅट एक्स्पोर्ट केला तर त्या दोघांचे मेसेजही फाइलमध्ये येतात, म्हणून एक्स्पोर्ट केलंच नाही. हातानं टिपणं काढली, आणि त्या दोघांना दिलेली उत्तरंही सोडून दिली, कारण उत्तरावरून प्रश्न ओळखू येतो.

आता नमुना. पहिल्या आराखड्यात सर्वाधिक व्ह्यूज असलेले दहा व्हिडिओ घेतले होते. दहाही सणाचे निघाले. त्यावरून रोजच्या उपासनेबद्दल बोलणं म्हणजे दिवाळीच्या फराळावरून घरचं रोजचं जेवण सांगणं. मंजुरीनंतर बारा आठवडे धरले, म्हणजे 84 दिवस, आणि त्यांचे तीन गट केले. चतुर्थीचे दिवस 6, त्यातली एक माघी गणेश जयंती. मंगळवार 11, कारण बारावा अंगारकी होता, तो चतुर्थीत गेला. उरलेले साधे दिवस 67. चतुर्थ्या सगळ्या घेतल्या, मंगळवारांतून 6 आणि साध्या दिवसांतून 12 चिठ्ठ्या टाकून काढले. एकूण 24.

इथे चूक होते ती सरासरीत. माझ्याकडे चॅटमध्ये लिहिणारे लोक चतुर्थीला सरासरी 90, मंगळवारी 40, साध्या दिवशी 15 होते. 24 दिवसांची सरळ सरासरी काढली तर 40 येते. पण नमुन्यातला एक साधा दिवस साडेपाच दिवसांच्या वतीनं बोलतो आणि एक चतुर्थी फक्त स्वतःच्या. प्रत्येक गटाला त्याच्या खऱ्या दिवसांनी गुणून 84ने भागलं की उत्तर साधारण 24. गाईडसरांना चाळीसचा आकडा सांगून बसले होते, तो परत घ्यावा लागला.

प्रेक्षकसंख्या त्याच वेळी टिपा. प्रक्षेपण चालू असताना किती जण पाहत आहेत हे यूट्यूबच्या एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम लिहून माहिती मागवायच्या सोयीत, `concurrentViewers` या नोंदीत मिळतं, संपल्यावर ती नोंद उरत नाही. मागे राहतात ते एकूण व्ह्यूज, आणि त्यात नंतर पाहणारेही येतात. चॅनलनं संख्या लपवली असेल तर चालू असतानाही मिळत नाही. मी दर पाच मिनिटांनी एक आकडा घेते. शिवाय एपीआयमधून घेतलेली अशी माहिती 30 दिवसांपेक्षा जास्त जशीच्या तशी ठेवता येत नाही, ताजी करून घ्यायची किंवा पुसायची. शब्द न साठवता प्रकार टिपायची पद्धत इथेही कामी आली.

पण तो आकडा माणसांचा नाही, चालू पडद्यांचा आहे, हे मला मुलाखतींशिवाय कळलंच नसतं. नागपूरच्या महाल भागातल्या एका घरी गेले. आरती टीव्हीवर लावलेली, समोर चार माणसं. मोजणीत टीव्हीसमोरचे ते चौघं म्हणजे एक. चॅटमध्ये नातू मोबाइलवरून लिहितो, म्हणजे माझ्या नोंदीत त्या घरातून फक्त नातू हजर. आजी कधीच काही लिहीत नाहीत. घालीन लोटांगण सुरू झालं तशा त्या उठल्या, टीव्हीपाशी गेल्या, पडद्यावरच्या निरांजनावर दोन्ही तळवे फिरवले आणि डोळ्यांना लावले. काच गार होती, हे मी नंतर हात लावून पाहिलं. विचारलं, आजी, चॅटमध्ये लिहीत का नाही? ‘कायले लिहू बाई? मी तं रोज येतो ना तिथं. त्याले दिसते.’

त्या दिवसानंतर मुलाखतींसाठी मुद्दाम न लिहिणारे शोधले. सूचना वाचून आपणहून फोन करणारे बहुतेक चॅटमध्ये उत्साहानं लिहिणारेच असतात, त्यामुळे मंदिरातल्या फलकावर वेगळी चिठ्ठी लावली: घरून आरती पाहता पण काही लिहीत नाही, अशांनी बोलावं. अठरा घरं झाली, त्यातली अकरा न लिहिणाऱ्यांची. जे चॅटमध्येही लिहीत नाहीत आणि मंदिरातही येत नाहीत, ते यातूनही सुटले, आणि तसं प्रबंधात लिहिलं आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. चॅटच्या डोक्यावर ‘टॉप चॅट’ आणि ‘लाइव्ह चॅट’ असे दोन पर्याय असतात. आपोआप उघडतं ते टॉप चॅट, आणि ते काही मेसेज गाळून दाखवतं. चाचणीचे तीन आठवडे मी गाळलेलंच मोजत होते. पहिल्या दिवशीच लाइव्ह चॅट निवडा. शिवाय नियंत्रकानं किंवा लिहिणाऱ्यानं काढून टाकलेला मेसेज रिप्लेमध्ये दिसत नाही. तो माझ्या टिपणात असेल तर मीही काढते, लिहिणाऱ्यानं शब्द मागे घेतले आहेत.

भाद्रपदातलं काम आता पुढच्या वर्षी. सणावर अभ्यास करायचा असेल तर अर्ज फाल्गुनात द्या, म्हणजे दोन बैठका हुकल्या तरी सण हातचा जात नाही. सातवा रकाना अजून तसाच छापलेला आहे. परवा दर्ग्याच्या थेट प्रक्षेपणावर काम करणारी एक मुलगी तोच अर्ज घेऊन आली, रकाना 7वर बोट ठेवून. तिला माझा दोन पानांचा जोडकागद झेरॉक्स करून दिला.