लग्नाचा फोटो, जो लग्नाचा नव्हता

पुण्यातल्या नातवानं फिल्मचं निवेदन आधीच लिहून पाठवलं होतं. पहिलं दृश्य, ओसरीतल्या भिंतीवरची तसबीर. त्यावर भारदस्त आवाज: "साल १९७३. याच दिवशी दोन जीव एका सूत्रात गुंफले गेले..." आजी-आबाजींच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. गाव खामगाव तालुक्यातलं, कार्यक्रम २०२३ च्या मे महिन्यात घरापुढच्या मांडवात. फिल्म चौदा मिनिटांची ठरली, कारण पंगतीआधी मांडवातले लोक त्याहून जास्त वेळ एका जागी बसत नाहीत.

निवेदन आधी लिहून घेतलं की मुलाखती बिघडतात. विचारणारा मग कागदावरच्या वाक्याला जुळेल असं उत्तर मिळेपर्यंत म्हाताऱ्या माणसाला घोळवत राहतो, आणि म्हातारं माणूस भिडेखातर तसं म्हणूनही टाकतं. म्हणून तो कागद बाजूला ठेवला. आधी फोटो, मग मुलाखती, निवेदन सगळ्यात शेवटी, हाच क्रम पाळला.

फोटो तीन जागी होते: पत्र्याच्या पेटीत, चिकट पानांच्या अल्बममध्ये आणि अकोटला दिलेल्या लेकीकडे. सगळे मिळून तीनेकशे. चौदा मिनिटांत चाळीसच्या वर फोटो घातले तर एकही नीट पाहून होत नाही. अनोळखी फोटोतलं माणूस ओळखायलाच तीन-चार सेकंद जातात, म्हणून एकेक फोटो सहा सेकंद तरी राहू द्यावा लागतो. पोस्टकार्ड आकाराचे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केले, तर पासपोर्ट आकाराचे १२०० ला. पोस्टकार्डाची लांब बाजू साडेपाच इंच, म्हणजे ३३०० पिक्सेल मिळतात. फिल्मची चौकट १९२० रुंद, त्यामुळे एखाद्या चेहऱ्याकडे सरकत जायला थोडी जागा उरते. मोबाइलवरून मोबाइलवर आलेल्या फोटोत ती जागाच नसते, जवळ गेलं की चेहरा फुटतो. चिकट अल्बममधले फोटो ओढून काढायचे नाहीत. सहज निघाला तर ठीक, नाही तर पानासकट स्कॅन करायचा.

भिंतीवरची तसबीर मात्र अडली. ओल लागून फोटो काचेला चिकटला होता. असा फोटो काचेपासून सोडवू गेलं तर वरचा थर काचेवर राहतो आणि हाती कोरा कागद येतो. तेव्हा काचेतूनच फोटो घ्यायचा ठरलं. तसबीर दाराजवळ उभी केली, उजेड बाजूनं येऊ दिला आणि कॅमेऱ्यापुढे काळं कापड धरून त्याला फक्त लेन्सपुरतं भोक ठेवलं. काचेत कॅमेऱ्याच्या पाठीमागचं जे उजळ दिसतं, तेवढं काळं झालं की चकाकी जाते. फोटो कृष्णधवल होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमान आणि कुंड्या. आबाजी खुर्चीत बसलेले, आजी बाजूला उभी, पदर पुढे ओढून घेतलेला.

मुलाखती सकाळी साडेसहा ते नऊ. एप्रिलात त्यानंतर आमच्याकडे दोन अडचणी येतात. कूलर लावल्याशिवाय माणूस बसत नाही आणि कूलर लावला की आवाज वाया जातो. शिवाय ऊन चढलं की छपराचे पत्रे तापून टिकटिक वाजायला लागतात. चित्रीकरण करताना ती कानाला जाणवत नाही, पण संकलनात प्रत्येक वाक्याखाली ऐकू येते आणि काढता येत नाही. माइक हनुवटीखाली एक वीत लावायचा. लुगडं असेल तर पदरावर लावायचा नाही, कारण पदर वारंवार सारखा केला जातो. आजींच्या पोलक्याच्या गळ्याशी लावला आणि तार पाठीमागून घेतली. बोलणं संपलं की त्याच खोलीतली तीस सेकंदांची नुसती शांतता रेकॉर्ड केली. दोन वाक्यांमधला तुकडा कापला की तिथे ती भरावी लागते, नाही तर मध्येच आवाज मेल्यासारखा वाटतो.

नवरा-बायकोला आधी एकत्र बसवायचं नाही. एकत्र बसले की आबाजी बोलतात आणि आजी मान डोलावतात. म्हणून आधी आजी एकट्या, मग आबाजी एकटे, आणि शेवटी दोघं सोबत. "तुमच्या लग्नाबद्दल सांगा" असा प्रश्न विचारला तर "चांगलं झालं" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा फोटो हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. दहा-पंधरा सेकंद कुणी बोलत नाही, ती शांतता आपण मोडायची नाही.

तसबिरीतल्या फोटोची प्रत आजींच्या हातात दिली. त्यांनी ती चष्म्याजवळ नेली, लांब धरली आणि म्हणाल्या, "हा लगनातला नाई बापा. लगनात कोन काहाडते फोटू? दुष्काळाचं साल होतं, मिलो खाऊन दिस काहाडले आमी. हा शेगावचा हाय, प्रकटदिनाचा. अन् मोठा माह्या पोटात हाय याच्यात."

मोठा म्हणजे थोरला मुलगा. तो दारातच उभा होता. त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

आबाजींना त्यांच्या वेळी तोच फोटो दिला. ते ठामपणे म्हणाले, "लगनातलाच व्हय तो. तिले काय आठोते!"

अशा वेळी कॅमेऱ्यासमोर कुणालाही दुरुस्त करायचं नाही. आजी काय म्हणाल्या हे आबाजींना सांगितलं असतं, तर पुढची सगळी उत्तरं सावध झाली असती. पडताळणी नंतर केली. तसबिरीच्या मागचा पुठ्ठा सोडवला, त्याला काचेचा त्रास नव्हता. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का निघाला. गाव शेगाव, खाली शाईनं ७५. प्रकटदिन माघ वद्य सप्तमीला असतो, म्हणजे फेब्रुवारी-मार्चचा सुमार. थोरला आखाडातला, १९७५ चाच. त्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे, पण ती शाळेनं दिलेली, आपल्याकडच्या निम्म्या गावाची तीच असते. म्हणून फिल्ममध्ये तारीख घेतली नाही, 'आखाडातला' एवढंच ठेवलं. आजींचा हिशेब बरोबर निघाला.

घरात जरा खळबळ झाली. नातवाचा फोन आला: लोकांना काय कळतंय, लग्नाचा म्हणूनच दाखवू. आमचं मत उलटं पडलं. मांडवात त्या लग्नाला आलेली दहा-बारा म्हातारी माणसं असणार, आणि लग्नात फोटोग्राफर नव्हता हे त्यांना पक्कं ठाऊक. शिवाय खोट्या फोटोनं सुरू होणाऱ्या फिल्मपेक्षा हातात आलेली गोष्ट कितीतरी चांगली होती. निवेदनाला लागतो तो धागा इथेच मिळाला. भाड्याच्या भारदस्त आवाजाची गरज संपली. निवेदन थोरल्याचं, आणि पहिलं वाक्य त्याचं: "या फोटोत मी आहे. दिसत नाही."

मग कागदावरचं संकलन. सगळ्या मुलाखती ऐकून, वेळ टाकून उतरवून काढल्या. वहीत तीन रकाने पाडले: कोण बोलतं, काय बोलतं, त्या वेळी कोणता फोटो. तिसऱ्या रकान्यात एक नियम ठेवला, बोलण्यात बैलजोडी आली म्हणून बैलजोडीचा फोटो लावायचा नाही. ऐकलेलं तेच पुन्हा दाखवून काही मिळत नाही. आजी पहिल्या वर्षी वावरात निंदायला जायच्या ते सांगतात, तेव्हा फोटो येतो तो त्याच वावरातल्या विहिरीवर पोरं पोहतानाचा, पंधरा वर्षांनंतरचा. पाहणारा मधली वर्षं आपण होऊन भरतो.

निवेदनाचा वाटा तीन मिनिटांचा ठेवला. सावकाश मराठी बोलणं मिनिटाला एकशेदहा शब्दांच्या आसपास जातं, म्हणजे एकूण सव्वातीनशे शब्द. मुलाखतीत जे कुणीच सांगितलं नाही, तेवढंच निवेदकानं सांगायचं: साल, नातं, मधली उडी. भावना आजींच्या तोंडून आली असेल तर निवेदकानं ती पुन्हा म्हणायची नाही.

थोरला शेतकरी माणूस, कागद हातात घेतला की बातम्या वाचल्यासारखा ताठ व्हायचा. मग कागद काढून घेतला. एकेक वाक्य तोंडी सांगायचं आणि त्यानं ते आपल्या शब्दांत म्हणायचं. वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे, दहा-बारा शब्दांचं. खोलीचा प्रश्न आपोआप सुटला. भाव चढेल या आशेनं त्यांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. तीन भिंतींना छातीपर्यंत कापूस, त्यात आवाज घुमत नाही. इतकी कोरडी खोली शहरातल्या स्टुडिओतही पैसे मोजून मिळते.

उरला तो लग्नाचा दिवस, ज्याचा फोटोच नाही. तिथे दुसऱ्या कुणाच्या लग्नाचे फोटो किंवा पिवळसर केलेली नवी दृश्यं घालायचा मोह होतो. आम्ही चाळीस सेकंद पडदा काळा ठेवला आणि त्यावर फक्त दोघांचे आवाज आलटून पालटून. वऱ्हाडाच्या बैलगाड्या, म्हणजे दमण्या, किती होत्या यावर त्यांचं एकमत नाही, जानोसा कुठे होता यावर आहे. एवढा वेळ सलग काळा ठेवला तर लोक प्रोजेक्टर बंद पडला समजून मागे वळून पाहतात, म्हणून विसाव्या सेकंदाला आजींचे हात, मणी आणि बांगड्यांचं एक जवळचं दृश्य घातलं. त्यानंतर आबाजींचं "लगनातलाच व्हय तो", लगेच आजींचं "नाई बापा", आणि मग फोटोची पाठ, शिक्क्यासकट. या ठिकाणी हशा येणार हे धरून पुढे सहा सेकंद कुणाचंही बोलणं ठेवलं नाही, नाही तर थोरल्याचं पुढचं वाक्य हशात बुडालं असतं.

एका फोटोत धाकटे चुलते होते. वाटणीनंतर बोलणं बंद. त्यांना कापून टाका असं घरातून सुचवलं गेलं. कापलेला माणूस गावाला आधी दिसतो. खांद्यावर अर्धा हात उरतोच. त्यापेक्षा तो फोटोच घेतला नाही, दुसरा घेतला.

मांडवातल्या प्रक्षेपणाची एक गोष्ट नेहमी विसरली जाते. साउंडवाला बहुतेकदा डाव्या-उजव्यापैकी एकच वायर मशीनला जोडतो. निवेदन एका बाजूला आणि मुलाखत दुसऱ्या बाजूला गेलेली असेल तर गावाला निम्मी फिल्म मुकी दिसते. म्हणून दोन्ही बाजूंना सारखाच आवाज राहील अशी मोनो फाइल काढली. संगीत मुलाखतीखाली जवळजवळ नाहीसं केलं, कारण मोठ्या स्पीकरवर खालचे सूर फुगतात आणि म्हाताऱ्या माणसाचे शब्द गिळतात. मे महिन्यात साडेसात वाजेपर्यंत पडद्यावर जुना फोटो धड दिसत नाही, म्हणून फिल्म पावणेआठला ठेवली.

मुलाखती मिळून दोन तासांच्या वर होत्या, फिल्ममध्ये त्यातली साडेसात मिनिटं आली. उरलेलं सगळं, आजींनी मध्येच म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांसकट, तिन्ही भावंडांना वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर दिलं. तसबीर पुन्हा बंद करण्याआधी पुठ्ठ्याच्या आत एक चिठ्ठी ठेवली: शेगाव, प्रकटदिन, १९७५, आणि फोटोतल्या तिघांची नावं.