सक्तीचे अपडेट आणि ‘उघडा’चे बटण

गावोगावच्या दूध संस्थांमध्ये संकलनाची नोंद करणाऱ्या एका ॲपचे सर्व्हरचे काम माझ्याकडे आहे. सचिव दुधातील फॅटचे आणि एसएनएफचे, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन घटकांचे, आकडे भरतात, ॲप फोनमध्येच दर काढते आणि पावती छापते. नेटवर्क नसले तरी काम अडू नये म्हणून नोंदी आधी फोनमध्ये साठतात आणि नंतर सर्व्हरवर चढतात. पूर्वी सर्व्हर दरपत्रकाचा पूर्ण तक्ता पाठवत असे. नव्या पद्धतीत फक्त मूळ दर आणि फॅट-एसएनएफच्या प्रत्येक पॉइंटमागची वाढ किंवा कपात पाठवायची, असे ठरले. अडचण अशी होती की जुन्या ॲपला तक्ता मिळाला नाही, तर ते कोणतीही सूचना न देता फोनमध्ये साठवलेला मागचा तक्ता वापरत राही. म्हणजे दर बदलल्यानंतरही शेतकऱ्याच्या हाती जुन्या दराची पावती पडली असती, आणि हे दहा दिवसांचे बिल निघेपर्यंत कोणाच्या लक्षातही आले नसते. त्यामुळे नवी पद्धत समजणाऱ्या आवृत्ती ५२च्या खालच्या सर्व आवृत्त्या बंद करण्याचा निर्णय झाला आणि रात्री सर्व्हरवरची किमान आवृत्ती ५२ करण्यात आली.

सकाळी सहाच्या सुमारास पहिला फोन आला. “साहेब, अपडेट करा म्हणतंय. बटण दाबलं की प्ले स्टोअर उघडतं, पण तिथं नुसतं ‘उघडा’ दिसतंय. ते दाबलं की परत तोच पडदा. इथं दुधाची रांग लागलीय.” पाठोपाठ दुसऱ्या तालुक्यातून हीच तक्रार आली, आणि तिसऱ्या सचिवांनी विचारले, “ॲप काढून परत टाकू का?” मी त्यांना तिथेच थांबवले, कारण आदल्या संध्याकाळच्या नोंदी अजून चढल्या नव्हत्या. अपडेटचा पडदा ॲप उघडताच, नोंदी पाठवण्याच्या आधीच येत होता. ॲप काढले असते तर फोनमधल्या त्या नोंदीही पुसल्या गेल्या असत्या.

सर्वप्रथम किमान आवृत्ती पुन्हा ४७ केली. हा आकडा सर्व्हरवरच्या सेटिंगमध्ये असल्याने त्यासाठी नवे ॲप काढावे लागले नाही आणि काही मिनिटांत पडदे हटले. मग लॉग पाहिले. ॲपची प्रत्येक विनंती अशी माहिती घेऊन येते:

```
X-App-Version: 47
X-OS-SDK: 24
```

प्ले स्टोअरवर ‘अपडेट’ऐवजी ‘उघडा’ दिसण्याची दोन वेगळी कारणे त्यातून समोर आली. ज्या फोनांवर SDK २९ किंवा ३० होते, त्यांना ५२ चालण्यासारखी होती. मात्र तिचे वितरण टप्प्याटप्प्याने सुरू होते आणि ते अजून २० टक्क्यांवरच होते. ज्यांची पाळी आली नव्हती त्यांच्यासाठी प्ले स्टोअरवर ४७ हीच ताजी आवृत्ती होती. दुसरा गट SDK २४ आणि २५चा, म्हणजे अँड्रॉइड ७चा. ५२ला किमान SDK २६, म्हणजे अँड्रॉइड ८ लागते. त्यामुळे वितरण १०० टक्के झाले तरी या फोनांना ती कधीच मिळणार नव्हती. पहिल्या गटाला थोडा वेळ हवा होता, दुसऱ्याला नवा फोन. आणि तो विकत घ्या असे सकाळच्या रांगेसमोर उभ्या माणसाला सांगण्याचा अधिकार कोणत्याही ॲपला नाही, असे माझे ठाम मत आहे.

चुकीच्या दराचा प्रश्न मात्र तसाच होता, आणि तो सर्व्हरवरच सुटण्यासारखा होता. ५२च्या खालच्या आवृत्तीची विनंती आली की नव्या सूत्रावरून जुना तक्ता तयार करून द्यायचा. गाईच्या दुधासाठी फॅट ३.० ते ६.० आणि एसएनएफ ८.० ते ९.५, दोन्ही ०.१च्या अंतराने धरले तर ३१ गुणिले १६, म्हणजे ४९६ आकडे होतात. सर्व्हरला हे काम काहीच नाही. म्हशीचा तक्ताही त्याच पद्धतीने केला. दुपारपर्यंत हे रूपांतर चालू झाले आणि संध्याकाळच्या संकलनाला ४७ वापरणाऱ्या केंद्रांवरही नव्या दराच्या पावत्या निघाल्या. दोन केंद्रांच्या पावत्या फोटो मागवून मी स्वतः ताडून पाहिल्या. सकाळी जुन्या दराने झालेल्या नोंदींचा फरक बिलात धरण्यासाठी त्यांची वेगळी यादी केली.

पुढच्या आवृत्तीत सक्तीची रीत बदलली. आता ॲप आधी साठलेल्या नोंदी पाठवते. मग प्ले स्टोअरच्या अपडेट सेवेला या फोनसाठी नवी आवृत्ती आहे का ते विचारते, आणि `UPDATE_AVAILABLE` असे उत्तर आले तरच अडवणारा पडदा दाखवते. तोही संकलनाची वेळ संपल्यावर. त्याआधी वरच्या बाजूला फक्त सूचनेची पट्टी असते. एकमेकांकडून फाइल घेऊन ॲप टाकलेल्या फोनांवर ही सेवा त्रुटी कळवते, म्हणून अशा केंद्रांची यादी आमच्या मदत कक्षाकडे जाते आणि तिथून त्यांना फोन केला जातो.

जुन्या तक्त्याचे रूपांतर काढून टाकण्यासाठी आम्ही तारीख ठरवलेली नाही. SDK २६च्या खालून एकही विनंती न येता सलग दोन बिलांचे कालखंड गेले, की ते निघेल.